मनगट नेमकं कुठे दुखतं, ते आधी दाखवा

आमच्याकडे येणारे बहुतेक जण एकच मागणी करतात: मनगट दुखतंय, एखादा चांगला माऊस द्या. आम्ही लगेच माऊस काढून देत नाही. आधी म्हणतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने नेमकी जागा दाखवा. करंगळीच्या बाजूला दुखत असेल तर उपाय वेगळा, अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर वेगळा, आणि बोटांना मुंग्या येत असतील तर दुकानाआधी डॉक्टर. चुकीचं उपकरण घेतलं तर पैसे जातातच, शिवाय दुखणंही वाढू शकतं. म्हणून हे माहितीपत्रक घरी नेऊन निवांत वाचा आणि मग या.

करंगळीच्या बाजूचं दुखणं

दिवसभर टायपिंग करणाऱ्यांत हे आम्हाला सगळ्यात जास्त दिसतं. कारण साधं आहे. साध्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं. दोन्ही तर्जन्या ज्या उंचवट्याच्या बटणांवर टेकतात, ती एकमेकांपासून तीन घरं दूर, म्हणजे जेमतेम पावणेसहा सेंटीमीटरवर. खांदे मात्र त्याच्या कितीतरी पट रुंद. त्यामुळे कोपरापासून हात तिरके आत येतात आणि बोटं सरळ बटणांवर ठेवायची म्हणून मनगट करंगळीकडे वाकतं. तसंच वाकलेलं ते तासन्‌तास राहतं.

स्प्लिट कीबोर्ड हे वाकणं काढून टाकतो. त्याचे दोन तुकडे असतात आणि ते तुम्ही खांद्यांच्या रुंदीला ठेवू शकता. मग कोपर, मनगट आणि मधलं बोट एका रेषेत येतात.

हायकोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण

रामबागेत राहणाऱ्या एका ताई वकिलांसाठी हिंदी अर्ज आणि याचिका टाइप करून देतात. सीपीसीटी या कॉम्प्युटर-टायपिंगच्या परीक्षेसाठी इन्स्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची कीबोर्ड-मांडणी शिकल्या, ती आता बोटांत बसली आहे. उजव्या मनगटाला करंगळीच्या बाजूला ठणका लागायचा आणि संध्याकाळपर्यंत कोपराखालचा वरचा भागही भरून यायचा. मुंग्या नव्हत्या, रात्री त्रास नव्हता. त्या व्हर्टिकल माऊस घ्यायला आल्या होत्या.

आम्ही त्यांना काम करताना वरून मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढायला सांगितलं. त्यात तीन गोष्टी दिसल्या. दोन्ही पंजे बाहेर वळलेले होते. कीबोर्डच्या मागचे दोन्ही पाय उघडलेले होते, त्यामुळे मनगट वरच्या बाजूलाही मुडपलेलं होतं. आणि टेबल उंच, खुर्ची खाली, म्हणून कोपर टेबलाच्या पातळीच्या बरंच खाली होतं.

पहिले उपाय बिनपैशाचे होते. कीबोर्डचे पाय मिटवले. खुर्ची वर घेतली, इतकी की कोपर आणि कीबोर्ड साधारण एका पातळीत यावेत. त्यामुळे पाय लोंबकळू लागले, तर खाली लाकडी पाट ठेवला. तळहाताखालच्या उशीबद्दलही सांगितलं: टाइप करताना हात तिच्यावर टेकलेला नको, थांबलात की टेकवा, आणि तेही तळहाताचा मागचा मांसल भाग, मनगट नव्हे. कोपराखालचा भरलेपणा यानेच बराच उतरला. करंगळीकडचा ठणका मात्र राहिला, कारण पंजे अजून वळलेलेच होते. मग स्प्लिट कीबोर्डची वेळ आली.

इथे इन्स्क्रिप्टवाल्यांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. सध्या 42 बटणांचे छोटे, देखणे स्प्लिट कीबोर्ड मिळतात. इंग्रजीत प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मुलांना ते आवडतात. पण इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या कडेची बटणं रिकामी नसतात. पी नंतरच्या चौकटी कंसाच्या बटणावर ड आणि ढ आहेत, बरोबरच्या चिन्हावर ृ आहे, उलट्या तिरप्या रेषेवर ॉ आहे. छोट्या कीबोर्डवर ही बटणंच नसतात. एखादं जादा बटण दाबून धरून ती काढावी लागतात. ‘डॉक्टर’ किंवा ‘कृषि’ लिहिताना दर वेळी ही कसरत करायची, तर हाताला आराम कसला? म्हणून देवनागरी टायपिंग करणाऱ्यांना आम्ही पूर्ण बटणांचा स्प्लिटच सुचवतो. अक्षरं कुठल्या बटणावर यायची ते कॉम्प्युटर ठरवतो, कीबोर्ड नव्हे. त्यामुळे बटणं पूर्ण असली की कुठलाही स्प्लिट इन्स्क्रिप्टला चालतो, बटणांवर देवनागरी छापलेलं नसलं तरी.

ताईंनी पूर्ण बटणांचा घेतला आणि त्याच संध्याकाळी फोन केला, “अहो, माझा ‘व’ कुठे गेला?”

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. ‘व’ हा इंग्रजी बीच्या बटणावर असतो आणि बहुतेक स्प्लिट कीबोर्डवर ते बटण डाव्या तुकड्यात असतं. ताई आजवर ते उजव्या तर्जनीने दाबत आल्या होत्या. एकसंध कीबोर्डवर कुठल्या हाताने दाबलं याने फरक पडत नाही. इथे मात्र उजवी तर्जनी रिकाम्या टेबलावर जाऊन आपटते. आणि कोर्टाच्या मजकुरात तर वादी, प्रतिवादी, वकील, विरुद्ध, सगळीकडे ‘व’! आम्ही सांगितलं की आधी दोन तुकडे अगदी चिकटवून ठेवा, डाव्या तर्जनीला ‘व’ची सवय होऊ द्या, मग रोज थोडं थोडं लांब न्या. तातडीचं काम आलं तर जुना कीबोर्ड बाजूला जोडलेला असू द्या. कॉम्प्युटरला एकाच वेळी दोन कीबोर्ड चालतात. वेग सुरुवातीला पडतोच, तो परत यायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून ज्या महिन्यात कामाची झुंबड आहे त्या महिन्यात बदल करू नका.

ठणका कमी झाला, पण एक तक्रार उरली. ज, ड, च, ट, य ही सगळी अक्षरं इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या करंगळीकडे येतात. स्प्लिट कीबोर्ड हा भार हलका करत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. त्यावर एकच उपाय चालतो: पंजा जागेवर रोवून करंगळी ताणायची नाही, कोपरापासून सगळा हात उचलून त्या बटणाकडे न्यायचा. स्प्लिटवर हात मोकळे असल्यामुळे ही सवय लावणं सोपं जातं.

माऊस लांब जातो, त्याचं काय

टॅलीवर काम करणाऱ्यांना आकड्यांचा पट्टा लागतो. तो उजवीकडे असल्यामुळे माऊस आणखी उजवीकडे ढकलला जातो, हात बाहेर फाकतो आणि खांदा भरून येतो. सियागंजातल्या हिशेबनिसांना आम्ही आकड्यांचा पट्टा नसलेला कीबोर्ड आणि वेगळा सुटा पट्टा देतो. नोंदी करताना तो उजवीकडे घ्या, माऊसचं काम असेल तेव्हा बाजूला सारा.

व्हर्टिकल माऊसमध्ये तळहात खाली पालथा न पडता हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा उभा राहतो. हात पालथा ठेवल्याने कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर आडवी येतात आणि तो पीळ धरून ठेवायला स्नायू राबतात. हा पीळ व्हर्टिकल माऊस कमी करतो. पण मनगट वर मुडपण्याची सवय तो आपोआप सोडवत नाही आणि मुंग्यांवरचा इलाज म्हणून तर आम्ही तो विकतच नाही.

त्यात माप फार महत्त्वाचं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. लॉजिटेकचा लिफ्ट हा लहान ते मध्यम, म्हणजे साधारण 19 सेंटीमीटरपर्यंतच्या हातासाठी आहे. पंजा त्याहून मोठा असेल तर मोठा माऊस बघा. माप चुकल्याची खूण अशी: क्लिक करताना माऊस आडवा सरकतो आणि तो थांबवायला तुम्ही अंगठ्याने आवळून धरता. तसं होत असेल तर परत घेऊन या. आणि पॉइंटरचा वेग थोडा वाढवा, म्हणजे हात कमी फिरवावा लागेल. फिरवायचा तो कोपरापासून, मनगट टेकवून नाही.

अंगठा दुखत असेल तर हा भाग नक्की वाचा

ट्रॅकबॉल जागेवरून हलत नाही, फक्त गोळा फिरतो. टेबल लहान असेल किंवा खांदा दुखत असेल तर उत्तम. पण त्याचे दोन प्रकार आहेत. एकात गोळा बाजूला असतो आणि अंगठ्याने फिरवायचा. लॉजिटेकचे अर्गो या प्रकारचे. दुसऱ्यात मोठा गोळा मध्ये असतो आणि तर्जनी-मधल्या बोटांनी फिरवायचा. केन्सिंग्टनचे मोठे ट्रॅकबॉल तसे.

अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला तीव्र कळ आली, तर अंगठ्याच्या स्नायुबंधांना सूज असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना दाखवा. आणि अशा वेळी अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेऊ नका. मोबाईलवर सतत टाइप करणाऱ्यांना आणि तान्हं बाळ उचलणाऱ्या आयांना हा त्रास बरेचदा असतो. दिवसभर त्याच अंगठ्याने गोळा फिरवला तर तो आणखी चिघळेल. त्यांच्यासाठी बोटांचाच प्रकार.

पॉइंटर अडखळायला लागला की ट्रॅकबॉल बिघडला असं समजून आणू नका. गोळा बाहेर काढा. खालून भोक असेल तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने ढकला. आत तीन बारीक टेकू दिसतील. त्यांवर मळाची करडी टोपी साचलेली असते. कापसाने पुसा, गोळा कोरड्या फडक्याने पुसा, झालं.

दुकानाआधी डॉक्टर केव्हा

अंगठा, तर्जनी, मधलं बोट इथे मुंग्या किंवा बधिरपणा असेल, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, कप हातातून निसटत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणात हे जास्त आढळतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर दाब बहुतेक कोपराशी असतो. टेबलाच्या किंवा खुर्चीच्या कडेवर कोपर टेकवून बसता का, ते बघा. दोन्ही बाबतींत डॉक्टरांकडे आधी जा, कीबोर्ड-माऊस नंतर. आम्ही तपासणी करत नाही.

येताना काय आणाल

काम करताना वरून आणि बाजूने काढलेला व्हिडिओ, हाताचं माप, आणि तुम्ही इन्स्क्रिप्ट, रेमिंग्टन की इंग्रजी, कशात टाइप करता ती माहिती. सध्याचा माऊस कुठल्या हाताने वापरता तेही सांगा, कारण व्हर्टिकल माऊस डाव्या-उजव्या हाताचे वेगळे असतात. दोन उपकरणं एकदम बदलू नका. आधी एक बदला, हाताला ते बसू द्या, मग दुसऱ्यासाठी या. वापरून बघायला दुकानात टेबल-खुर्ची मांडलेली आहे. तुमच्याच कामाचं एखादं पान सोबत आणलंत तर तिथेच बसून टाइप करून बघता येईल.