कोच स्क्रू, कॅरेज बोल्ट आणि वायसरखालचं लाकूड

पडवीची जाड फळी खांबाला जोडायची वेळ आली की कोच स्क्रू हातोड्यानं ठोकून शेवटचे दोन पिळे पान्यानं देणारे अजून पुष्कळ आहेत. अशानं आटे आजूबाजूचे तंतू तोडत आत जातात आणि त्यांना धरायला लाकूडच उरत नाही.

समजा, बाभळीच्या १०० मिमी खांबाला ४० मिमीची फळी जोडायची आहे. १२ मिमीचा कोच स्क्रू वापरायचा तर फळीत दांड्याइतकं, म्हणजे १२ मिमीचं छिद्र पाडायचं आणि खांबात आट्यांसाठी ९ मिमीचं. सागवानाला ८ पुरतं. छिद्र लहान झालं तर खांब चिरतो किंवा स्क्रूच तुटतो. मोठं झालं तर आवळताना पाना एकाएकी हलका फिरू लागतो, तेव्हा आटे गेले समजा. खांबाच्या डोक्यात, तंतूंच्या दिशेनं, तर कोच स्क्रूवर भरवसा ठेवूच नका.

मागच्या बाजूला हात पोचत असेल तर मी कॅरेज बोल्टच घेईन. १२ ते १३ मिमीचं आरपार छिद्र आणि १६० मिमी लांबीचा बोल्ट. गोल डोक्याखालचा चौकोनी भाग लाकडात रुततो, म्हणून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. डोक्याखाली वायसर घातला तर हा फायदाच जातो. वायसर हवा तो नटाखाली, आणि तोही मोठा.

लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी: उभा भार पेलते, आडवं दाबलं की चपटते. नट लाकडाला आडवंच दाबतो. २४ मिमीच्या साध्या वायसरखाली जेमतेम ३२० चौरस मिमी लाकूड येतं. बोल्टमध्ये १० किलोन्यूटन ताण आला तर तिथं दर चौरस मिमीला ३१ न्यूटन दाब पडतो आणि वायसर सागवानातही रुतून बसतो. ५० मिमीची चौकोनी पट्टी घातली की तोच दाब सव्वाचार न्यूटनवर येतो.

शिवाय लाकूड सुकतं. या १४० मिमी जाडीत ओलं लाकूड २ टक्के आकसलं, तर २.८ मिमी फट पडते. १२ मिमीच्या बोल्टचा नट एका फेरीत १.७५ मिमी सरकतो, म्हणजे दीड फेरीहून जास्त आवळावं लागतं. रात्री पडवी करकरते ती याच सैल सांध्यांमुळे. त्यासाठी लिंबू-मिरची टांगण्यापेक्षा पाना फिरवा.

पण मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात जोर लावून आवळू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नट जागचा हलत नाही, मग वायसरखालचे तंतू कायमचे चेपतात आणि पुढच्या उन्हाळ्यात सांधा आणखी सैल होतो. पट्टी लाकडाला नीट टेकली आणि कडेनं रुतू लागण्याआधी थांबलात, की तेवढं पुरे.