डबा आल्याची घंटी वाजू द्या, ऑफरची बंद करा: आमच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स कशी सेट करायची

आमच्या टिफिन सर्व्हिसच्या सगळ्या ग्राहकांसाठी (अलकापुरी, कारेलीबाग, मांजलपूर, वाघोडिया रोड, सगळे)

अ‍ॅपवर सारखे मेसेज येतात म्हणून बरेच जण वैतागून नोटिफिकेशन पूर्णच बंद करून टाकतात, आणि मग दुपारी पोरगा गेटवर डबा घेऊन उभा असतो आणि वर घरात कुणाला पत्ताच नसतो. असं करायची खरंच गरज नाहीये. नको असलेले मेसेज तेवढे बंद करता येतात आणि डबा आल्याची घंटी चालू ठेवता येते, आणि त्याची बटणं आमच्याकडे नाहीत, तुमच्या फोनमध्येच आहेत. ती कुठे आहेत आणि दाबल्यावर नक्की काय होतं ते सांगायलाच हे पत्रक काढलंय, आणि जरा सविस्तरच लिहिलंय.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं तेव्हापासून अ‍ॅप बनवणाऱ्याला आपली नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या खात्यांत वाटून द्यावी लागतात. आत कोडमध्ये त्याला चॅनल म्हणतात, तुम्हाला फोनच्या सेटिंगमध्ये ते नोटिफिकेशन कॅटेगरी म्हणून दिसतं. कोणत्याच चॅनलमध्ये न टाकलेलं नोटिफिकेशन अँड्रॉइड दाखवतच नाही. त्याच्या आधीच्या फोनवर एका अ‍ॅपचं सगळं एकत्रच चालू किंवा एकत्रच बंद करावं लागायचं, आता घराच्या मेन स्विचसारखं एक बटण अख्ख्या अ‍ॅपचं आहे आणि शिवाय प्रत्येक खोलीचं आपापलं वेगळं. म्हणून मेन स्विच पाडायच्या आधी एकदा खोलीचं बटण बघून घ्या.

आमच्या अ‍ॅपमध्ये अशा चार कॅटेगरी आहेत. पहिली "डबा दारात", आमचा पोरगा तुमच्या गेटवर पोचून "पोचलो" दाबतो तेव्हा येते ती. हिला आम्ही सगळ्यात वरचं महत्त्व दिलंय, म्हणजे आवाज पण होतो आणि तुम्ही फोनवर दुसरं काही बघत असाल तरी वरून पट्टी खाली येते. दुसरी "उद्याचा मेनू", रात्री येते, उद्या डबा नको असेल तर ९ च्या आत कळवायचं असतं त्याची आठवण, हिचा आवाज होतो पण पट्टी येत नाही. तिसरी "डबा वाटेवर", ही आवाज न करता नुसती यादीत बसून राहते, कारण डबा आता कुठल्या चौकात आहे ते ज्याला बघायचंय तो बघेल, त्यासाठी सगळ्यांचा फोन कशाला वाजवायचा. चौथी "ऑफर आणि सणाचे पदार्थ", ती तर आवाजही करत नाही आणि वर घड्याळाशेजारी तिचं चिन्हही दिसत नाही, यादी खाली ओढली तरच सापडते. अँड्रॉइडमध्ये महत्त्वाच्या पायऱ्या साधारण याच चार आहेत, बाकी "पूर्ण बंद" ही पाचवी समजा. आम्ही प्रत्येक कॅटेगरी कुठल्या पायरीवर सुरू करायची तेवढं ठरवलं. पुढे ती वर न्यायची की खाली ते तुम्ही ठरवायचं.

आणि यात एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. कॅटेगरी एकदा तुमच्या फोनमध्ये तयार झाली की तिचं महत्त्व आम्हाला वाढवता येत नाही. तिचा आवाज, तिचं व्हायब्रेशन, काहीच आमच्या हातात राहत नाही, फक्त तिचं नाव आणि खालची माहितीची ओळ तेवढी बदलता येते. तुम्ही एखादी कॅटेगरी सायलेंट केली असेल तर आम्ही दांडिया बाजारात ऑफिसमध्ये बसून ती परत चालू करूच शकत नाही, अपडेट पाठवून पण नाही. ती कॅटेगरी कोडमधून डिलीट करून त्याच ओळखीने परत बनवली तरी फोन तुमचं जुनं सेटिंग लक्षात ठेवून तसंच्या तसं लावतो. आम्हाला हा नियम एकदम योग्य वाटतो, फोन तुमचा आहे तर शेवटचा शब्द पण तुमचाच पाहिजे. पण त्यामुळे होतं असं की तुमचा हात चुकून लागला असेल तरी दुरुस्ती तुमच्याच फोनवर करावी लागते.

हे नीट कळावं म्हणून मांजलपूरच्या एका काकूंचा किस्सा सांगतो, त्यांना विचारूनच लिहितोय. काकू चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांच्या सोसायटीत वॉचमन डबेवाल्याला वर सोडत नाही, म्हणून खाली येऊन डबा घ्यावा लागतो. त्यांचा फोन आला की अहो तुमची घंटी वाजतच नाही, फोन माझ्या हातात होता तरी कळलं नाही. आमच्याकडे बघितलं तर मेसेज बरोबर वेळेवर गेलेला. मग त्यांना म्हटलं काकू, वरून बोट खाली ओढून यादी उघडा आणि अगदी तळाशी जाऊन बघा. तिथे Silent असं लिहिलेल्या भागाखाली आमचा "डबा दारात" मेसेज होताच, म्हणजे आला होता पण गुपचूप. विचारल्यावर काकूंना आठवलं की मागे एकदा नातू नुकताच झोपला होता आणि फोन वाजला, तेव्हा त्यांनी मेसेजवर बोट दाबून धरलं आणि Silent निवडलं. त्यांना वाटलं तो एक मेसेज गप्प होईल. पण ते बटण त्या एका मेसेजचं नसतंच, त्या मेसेजच्या अख्ख्या कॅटेगरीचं असतं, आणि त्या दिवसापासून पुढचे सगळे "डबा दारात" मेसेज गप्पच येत राहिले.

मग उलटं केलं. त्याच मेसेजवर बोट दाबून धरलं की Default आणि Silent असे पर्याय येतात (अँड्रॉइड १० वर Default च्या जागी Alerting लिहिलेलं असतं), त्यातलं Default निवडून Done दाबायचं. आवाज लगेच सुरू झाला पण वरून येणारी पट्टी काही आली नाही, कारण काही फोनवर Silent वरून Default वर परत आलं की आवाज तेवढा परत येतो, पट्टीचं बटण बंदच राहतं. ते वेगळं चालू करावं लागतं. मेसेज दाबून धरल्यावर जे चक्राचं चिन्ह दिसतं त्यावर टॅप केलं की त्या कॅटेगरीचं पूर्ण पान उघडतं, तिथे Pop on screen चालू करायचं. त्याच पानावर Sound पण आहे, तिथे काकूंनी देवळातल्या घंटेसारखी वेगळी ट्यून लावून घेतली, आता बाकीच्या मेसेजच्या टुंग-टांगमध्ये डब्याचा आवाज वेगळा ओळखू येतो. आम्ही तर सगळ्यांनाच सांगू की एवढ्या एका कॅटेगरीला वेगळी ट्यून लावा, खरंच फरक पडतो. आणि दुपारी डू नॉट डिस्टर्ब लावून पडायची सवय असेल तर त्याच पानावर Override Do Not Disturb आहे, तेही चालू करता येतं, पण ते फक्त "डबा दारात" ला करा, मेनूला नको.

मेसेज समोर नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे आमच्या अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरायचं, i चं चिन्ह किंवा App info येतं, त्यात Notifications, आणि तिथे चारही कॅटेगरी एकाखाली एक दिसतील. ऑफर नको असतील तर चौथीसमोरचं बटण बंद करा, बस, बाकी कशालाही धक्का लागत नाही. आम्हाला त्यात अजिबात वाईट वाटणार नाही.

सॅमसंगवाल्यांनी मात्र इथे एक पायरी जास्त करायची. नवीन सॅमसंगमध्ये, म्हणजे वन यूआय ६.१ आणि पुढचं, कॅटेगरीची यादी आधीपासून लपवलेली असते, त्यामुळे लोक म्हणतात आमच्या फोनमध्ये हे नाहीच. आहे. Settings मध्ये Notifications, त्यात Advanced settings, आणि तिथे Manage notification categories for each app हे चालू करा, मग अ‍ॅपच्या पानावर Notification categories दिसायला लागेल. बाकी कंपन्यांच्या फोनवर शब्द आणि जागा थोड्या इकडेतिकडे असतात, फोन गुजराती किंवा हिंदीत असेल तर नावंही त्या भाषेत येतील, पण दाबून धरायचं आणि चक्र शोधायचं हे बहुतेक ठिकाणी चालतं. आयफोनमध्ये अशी कॅटेगरीवार बटणं नसतात, तिथे ऑफर बंद करायच्या असतील तर आमच्या अ‍ॅपच्या आतल्या सेटिंगमधून करा.

घंटी वाजली नाही म्हणजे प्रत्येक वेळी कॅटेगरीचाच प्रॉब्लेम असतो असंही नाही, आणि ते ओळखणं सोपं आहे. मेसेज यादीत आहे पण आवाज नाही, तर कॅटेगरी सायलेंट आहे किंवा फोनचा नोटिफिकेशन व्हॉल्यूम शून्यावर आहे. मेसेज यादीत पण नाही आणि अ‍ॅप उघडल्यावर मात्र एकदम सगळे येतात, तर फोनने बॅटरी वाचवायला आमचं अ‍ॅप झोपवून ठेवलंय, तिथे App info मध्ये बॅटरीचं सेटिंग बघावं लागेल, कॅटेगरीत कितीही शोधलंत तरी काही सापडणार नाही. आणि अ‍ॅप नवीन टाकल्यावर पहिल्यापासून एकही मेसेज नाही, तर अँड्रॉइड १३ पासून फोन आधी परवानगी विचारतो, तिथे "नको" दाबलं गेलंय. काही जण अ‍ॅप काढून परत टाकतात, त्याने कॅटेगरी नव्याने तयार होतात हे खरं, पण मग तुम्ही बंद केलेली ऑफरची कॅटेगरी पण परत चालू होते आणि नंबर टाकून लॉगिन पुन्हा करावं लागतं, म्हणून तो उपाय शेवटचा ठेवा.

आता आमच्याकडून दोन गोष्टी. एक, कॅटेगरीची पद्धत कितीही चांगली असली तरी कुठला मेसेज कुठल्या खात्यात टाकायचा ते अ‍ॅपवालाच ठरवतो, आणि काही अ‍ॅप जाहिराती सरळ ऑर्डरच्या कॅटेगरीत घुसवतात, म्हणजे तुम्हाला बंद पण करता येऊ नये. काही जण तुम्ही बंद केलेल्या कॅटेगरीऐवजी नव्या ओळखीची दुसरीच कॅटेगरी काढून परत आवाज सुरू करतात. (अँड्रॉइडवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून डिलीट केलेल्या कॅटेगरींचा आकडा सेटिंगमध्ये खाली दाखवतात. एखाद्या अ‍ॅपखाली तो फार मोठा दिसला तर काय समजायचं ते समजा.) आमच्या "डबा दारात" मध्ये डबा दारात आला याशिवाय दुसरा कुठलाही मेसेज कधीही येणार नाही, श्रीखंडाची ऑफर असली तरी नाही. आला तर आम्हाला स्क्रीनशॉट पाठवा.

दुसरी गोष्ट, कॅटेगरी सायलेंट आहे की नाही हे आमच्या अ‍ॅपला वाचता येतं, बदलता येत नसलं तरी. त्यामुळे "डबा दारात" चा आवाज बंद असेल तर अ‍ॅप उघडल्यावर वर पिवळी पट्टी दिसेल, तिच्यावर टॅप केलं की थेट त्या कॅटेगरीचंच पान उघडेल, शोधत बसायला नको. तिथे बदल करून झाला की अ‍ॅपमध्ये परत या आणि "टेस्ट घंटी" दाबून बघा, ती त्याच कॅटेगरीतून येते, म्हणजे ती वाजली तर उद्याचा डबाही वाजेल. तुम्ही मुद्दामच आवाज बंद ठेवला असेल, वॉचमनकडे डबा ठेवायची तुमची सोय असेल, तर पट्टीवरची फुली दाबा, ती परत येणार नाही.

तरीही जमलं नाही तर संध्याकाळी ४ ते ७ ऑफिसला फोन घेऊन या, किंवा डबा घेताना पोराला सांगा, त्यांना सगळ्यांना हे शिकवून ठेवलंय. फोनवर विचारणार असाल तर फोन कुठल्या कंपनीचा, अँड्रॉइड कितवं, आणि मेसेज यादीत दिसतो का नुसता आवाज होत नाही, एवढं आधी बघून ठेवा.