ठिपके जवळ आले की ओळ होते

‘चित्रात तुम्हाला आधी काय दिसलं, त्यावरून ओळखा तुमचा स्वभाव’ या मथळ्याची चित्रं फोनवर सारखी फिरत असतात. आडव्या ओळी दिसल्या तर तुम्ही व्यवहारी, उभ्या दिसल्या तर भावनाप्रधान, असं काहीतरी खाली लिहिलेलं असतं. लोक ते वाचतात आणि घरातल्या सगळ्यांची परीक्षाही घेतात. ठिपक्यांच्या चित्रात ओळी कशा दिसतात हा प्रश्न फार सुंदर आहे आणि त्याचं उत्तर शंभर वर्षं बारकाईनं शोधलं गेलं आहे, म्हणून त्याचं असं भविष्य झालेलं पाहून मला खरोखर वाईट वाटतं. ते उत्तर स्वभावात सापडत नाही. त्यासाठी पट्टी घेऊन अंतर मोजावं लागतं.

खालचे ठिपके पाहा.

```
● ● ● ● ● ●

● ● ● ● ● ●

● ● ● ● ● ●
```

आता हे पाहा.

```
●     ●     ●     ●
●     ●     ●     ●
●     ●     ●     ●
●     ●     ●     ●
```

पहिल्या चित्रात आडव्या ओळी दिसतात, दुसऱ्यात उभ्या. ठिपके तेच आहेत आणि कुठेही रेघ मारलेली नाही. तरीही ‘आता मी उलटं पाहीन’ असं ठरवून पाहिलंत, तर जमतं पण टिकत नाही. नजर पुन्हा जवळच्या ठिपक्यांना एकत्र बांधते. याला सान्निध्याचा नियम म्हणतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहाइमर यांनी 1923 साली एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला, त्यात असेच साधे ठिपके आणि रेघा छापल्या होत्या. वाचकानं नुसतं बघावं आणि स्वतःच पडताळावं, अशी त्याची रचना होती. आपल्याला सुटे ठिपके दिसतात आणि मग आपण विचार करून त्यांच्या ओळी लावतो, असं होत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. जाणीव होते तीच मुळी ओळींची. याच विचारातून गेस्टाल्ट, म्हणजे समष्टी मानसशास्त्र उभं राहिलं.

पडद्यावर अक्षराच्या आकाराप्रमाणे अंतरं थोडी इकडेतिकडे होतात, म्हणून पुढचा प्रयोग चौकटीच्या वहीत करा. सहा बाय सहा पोकळ ठिपके काढा, आडवं आणि उभं दोन्ही अंतर 1 सेंटीमीटर. एकटक पाहत राहिलात तर ओळी कधी आडव्या वाटतील, कधी उभ्या, कधी नुसता चौकोनी पुंजका. शेजारी दुसरी जाळी काढा: आडवं अंतर 1 सेंटीमीटरच, उभं मात्र दीड. आता घोळ संपतो आणि आडव्या ओळी पक्क्या होतात. मग वही भिंतीला टेकवून चार पावलं मागे जा. डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र बरंच लहान झालं, सगळी अंतरं आक्रसली, पण ओळी आडव्याच राहिल्या. याचा अर्थ ‘जवळ’ म्हणजे इतके मिलीमीटर, असं काही नाही. महत्त्व आहे ते दोन अंतरांच्या गुणोत्तराला.

हे नीट मोजायला मात्र बरीच वर्षं लागली. मायकल कुबोवी आणि योहान वागमन्स यांनी 1990च्या दशकात ठिपक्यांच्या जाळ्या क्षणभरच पडद्यावर दाखवल्या आणि माणसांना विचारलं, ओळी कोणत्या दिशेनं दिसल्या? क्षणभरच का, तर विचार करायला आणि मत बदलायला वेळ मिळू नये म्हणून. एकच जाळी पुन्हा पुन्हा दाखवली की तोच माणूस दर वेळी तेच उत्तर देत नाही. कधी ही दिशा, कधी ती. म्हणून मोजायचं ते पारडं: दहा वेळांपैकी किती वेळा जवळच्या अंतराची दिशा जिंकते?

निघालेला नियम इतका नीटस आहे की तो जरा सावकाश सांगतो. समजा उभं अंतर आडव्याच्या 1.1 पट केलं आणि आडवं दिसण्याचं प्रमाण उभ्याच्या दुप्पट झालं. मग 1.2 पट केल्यावर ते तिप्पट होत नाही, चौपट होतं. 1.3 पटीला आठपट. (दुप्पट हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे, तो माणसागणिक वेगळा असतो.) अंतराच्या गुणोत्तरात सारखी भर पडत गेली की प्रमाण दर वेळी त्याच संख्येनं गुणलं जातं. शाळेत लॉगॅरिथम शिकलेल्यांना यातली गंमत कळेल: प्रमाणाचा लॉग घेतला की आलेख सरळ रेषेत येतो. जाळी चौकोनी असो, तिरकी असो की षटकोनी, ठिपक्यांची एकूण मांडणी कोणतीही असली तरी उत्तर त्या दोन अंतरांच्या गुणोत्तरावरून काढता येतं. लॉग विसरलेल्यांनी एवढंच धरून चालावं की अंतरात जरासा फरक पडला तरी पारडं झपाट्यानं झुकतं.

आता त्या स्वभाव सांगणाऱ्या चित्राकडे पुन्हा पाहा. काढणाऱ्यानं उभं अंतर थोडं वाढवलं की जवळपास प्रत्येक जण ‘व्यवहारी’ होणार, कमी केलं की ‘भावनाप्रधान’. त्या चाचणीत मोजला जातो तो चित्रकाराचा हात. ज्या चित्रात दोन्ही अंतरं सारखी आहेत, तिथे तर तोच माणूस एका मिनिटात दोनदा स्वभाव बदलेल.

सान्निध्याला विरोध करणारा दुसरा नियम साम्याचा. सारखे दिसणारे घटक एकत्र येतात.

```
● ○ ● ○ ● ○

● ○ ● ○ ● ○

● ○ ● ○ ● ○
```

इथे अंतर आडव्या ओळींच्या बाजूनं आहे, रंग उभ्या ओळींच्या बाजूनं. काय दिसतं? बऱ्याच जणांना दोन्ही आलटूनपालटून दिसतं. वहीतल्या दोन्ही जाळ्यांमध्ये एकाआड एक उभी ओळ पेन्सिलीनं भरून पाहा. समान अंतराच्या जाळीत लगेच उभ्या पट्ट्या उमटतील. दीड सेंटीमीटरच्या जाळीत झुंज लागेल, आणि उभं अंतर 2 सेंटीमीटर केलंत तर बहुधा आडव्या ओळी पुन्हा जिंकतील. भरलेले ठिपके गडद करण्याऐवजी फिकट राखाडी केलेत तर त्या आणखी लवकर जिंकतील. कुबोवी आणि फान डेन बर्ग यांनी 2008 मध्ये दाखवलं की अशा जाळ्यांत दोन नियम एकमेकांत गुंतून काही तिसरंच घडवत नाहीत. तराजूत दोन वजनं टाकावीत तसे त्यांचे परिणाम लॉगच्या मापात नुसते मिळवले किंवा वजा केले जातात. ‘अवयवांच्या बेरजेपेक्षा समष्टी वेगळी’ असं सांगत आलेल्या परंपरेच्या गाभ्यात ही साधी बेरीज सापडावी, हे मला फार आवडतं.

तिसरा नियम पूर्ततेचा. त्याच्यासाठी दोन ओळी पुरतात.

```
|     | |     | |     | |     |

[     ] [     ] [     ] [     ]
```

वरच्या ओळीत जवळजवळच्या रेघांच्या अरुंद जोड्या दिसतात, कारण तिथे सान्निध्याला कोणी प्रतिस्पर्धी नाही. खालच्या ओळीत रेघा त्याच जागी आहेत, फक्त टोकांना बारीक दांड्या आल्या. तेवढ्यानं जोड्या फुटल्या आणि लांबच्या रेघा एकमेकींना भिडून चौकटी झाल्या. या चौकटी खरं तर मधोमध उघड्या आहेत, तरी आकार बंद होण्याकडे झुकलेला दिसला की नजर तो पुरा करून घेते. कंसांची आपल्याला सवय आहे म्हणून असं होतं का, ही शंका रास्त आहे, आणि सवयीचा थोडा हात असेलही. ती तपासायची तर दांड्या बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे लांबच्या रेघांमधली चौकट मोडेल. किंवा दांड्या आखूड करत न्या: पूर्तता हळूहळू दुबळी होईल आणि एका टप्प्यावर अरुंद जोड्या परततील. पूर्तता काहीही भरून काढते असा समज आहे, पण कडेचा पुरेसा भाग प्रत्यक्ष असावा लागतो.

मराठी वाचताना आपण एक चौथा, बराच नंतर मांडलेला नियम सतत वापरतो. 1994 मध्ये स्टीफन पामर आणि अर्विन रॉक यांनी जोडलेपणाकडे लक्ष वेधलं. दोन ठिपक्यांमध्ये बारीक रेघ ओढली की जवळचा तिसरा ठिपका बाजूला पडतो आणि ते दोघे एक होतात. देवनागरीत शिरोरेघ नेमकं हेच करते. एका शब्दातली अक्षरं तिनं बांधलेली असतात आणि शब्द संपला की ती तुटते. शब्दांमधली जागा छापताना थोडी कमी पडली तरी शब्द वेगळे वाचता येतात ते त्यामुळे. याउलट मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आखून घेत, मग तिला लागून अक्षरं लिहीत, आणि शब्दांमध्ये जागा सोडत नसत. म्हणजे रेघ होती, पण ती सगळ्यांनाच जोडत होती, आणि अंतरही काही सांगत नव्हतं. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याला भाषेच्या ज्ञानावरून ठरवावं लागे. मोडी शिकणाऱ्याला अक्षरं ओळखू येऊ लागल्यावरही ओळ लागत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

मेंदू जवळच्या गोष्टी एकत्र का बांधतो? एगॉन ब्रुन्सविक आणि जो कामिया यांनी 1953 मध्ये हा प्रश्न थेट जगालाच विचारला. त्यांनी छायाचित्रांतल्या शेजारशेजारच्या समांतर कडा घेऊन त्यांच्यातली अंतरं मोजली आणि त्या कडा एकाच वस्तूच्या आहेत का हे तपासलं. कडा जवळ असतील तर त्या एकाच वस्तूच्या असण्याची शक्यता जास्त निघाली. फांदीच्या दोन बाजू एकमेकींजवळ असतात, दोन झाडं सहसा दूर. सान्निध्याचा नियम म्हणजे या अनुभवावर लावलेली पैज आहे, आणि जमिनीवर ती बहुतेक वेळा जिंकते.

आकाशात ती हरू शकते, कारण तिथे खोली कळत नाही. सप्तर्षींचे सात तारे एका घोळक्यातले वाटतात. पण मधले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा आणि वसिष्ठ, साधारण 80 प्रकाशवर्षांवर आहेत, तर टोकाचे क्रतू आणि मरीची 100 प्रकाशवर्षांपलीकडे. राशींच्या आकृत्याही अशाच, वेगवेगळ्या अंतरांवरच्या ताऱ्यांना आपल्या नजरेनं ओवलेल्या. त्या आकृतीनं कुणाचं लग्न किंवा नोकरी ठरावी, यासाठी तिथे आकृती नावाची वस्तूच नाही.

वेर्टहाइमर यांच्या यादीत आणखी एक नियम होता: एकाच दिशेनं, एकाच वेगानं सरकणारे घटक एक वाटतात. सप्तर्षींतले मधले पाच तारे खरोखरच एकत्र, एकाच दिशेनं चालले आहेत आणि त्यांचा जन्मही एकाच वायुमेघातला मानला जातो. क्रतू आणि मरीचीची वाट वेगळी आहे. आपल्या डोळ्यांना ही चाल दिसली असती, तर त्या आकृतीतून हे दोघे केव्हाच सुटे पडले असते. ती इतकी संथ आहे की हजारो वर्षांनीच साध्या डोळ्यांना फरक कळावा, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना ती वर्षानुवर्षांच्या मोजमापांतून शोधावी लागली.