टाचणी उजव्या पायाला कळत नाही, अंगठा डाव्या पायाचा कळत नाही

समजा, मारामारीत एकाच्या पाठीत चाकू घुसला आणि छातीच्या पातळीवर, आठव्या खंडापाशी, मज्जारज्जूचा डावा अर्धा भाग कापला गेला. काही आठवड्यांनी तो तपासायला येतो तेव्हा सांगतो, ‘डावा पाय उचलत नाही, उजवा ठणठणीत आहे.’ पण आंघोळीच्या वेळी उलटंच होतं. कढत पाणी लुळ्या डाव्या पायावर पडलं तर तो कळवळतो, आणि ठणठणीत उजव्या पायावर पडलं तर त्याला पत्ताही लागत नाही. फोड आलेला दिसतो, तेव्हा भाजल्याचं समजतं.

त्याला डोळे मिटायला सांगून टाचणी लावली, तर डावीकडे टोचते, उजवीकडे नुसतं काहीतरी लागल्यासारखं वाटतं. मग पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरून हळूच वर किंवा खाली करायचा आणि विचारायचं, ‘कुठे गेला?’ उजव्या अंगठ्याचं उत्तर दर वेळी बरोबर येतं, डाव्याचं निव्वळ अंदाजाने. (अंगठा वरून-खालून धरला तर बोटाच्या दाबावरूनच दिशा कळते आणि चाचणी फुकट जाते. शिकाऊ डॉक्टरांची ही नेहमीची चूक.)

या कोड्याचं उत्तर मार्गांच्या ओलांडणीत आहे. वेदना आणि तापमान यांचा संदेश मज्जारज्जूत शिरला की एक-दोन खंडांतच मधली रेषा ओलांडतो आणि पलीकडच्या बाजूने वर चढतो. अंगठा कुठे आहे, हाड थरथरतंय का, हे सांगणारे तंतू मात्र शिरले त्याच बाजूने, मज्जारज्जूच्या मागच्या भागातून थेट मेंदूच्या देठापर्यंत जातात आणि तिथे बाजू बदलतात. हालचालीचा हुकूम खाली येताना देठापाशीच बाजू बदलून घेतो. म्हणून डावी बाजू कापली की डाव्या पायाची ताकद आणि अंगठ्याची जाणीव जाते, वेदना मात्र उजव्या पायाची जाते.

ही ओलांडणी तिरकी असल्यामुळे वेदना हरवण्याची सीमा जखमेच्या पातळीला जुळत नाही. आपल्या रुग्णाचा छेद आठव्या खंडाशी आहे, पण उजवीकडे टाचणी कळेनाशी होते ती जवळपास बेंबीपाशी, म्हणजे दहाव्या खंडाशी जोडलेल्या त्वचेच्या पट्ट्यात. छेदाच्या पातळीवर डाव्या बाजूला त्वचेचा एक अरुंद पट्टा मात्र पूर्ण बधिर असतो, कारण तिथून येणारे तंतू आत शिरतानाच कापले गेलेले असतात. कापसाचा हलका स्पर्श दोन्ही मार्गांनी जातो, त्यामुळे तो दोन्ही पायांना बराचसा कळतो. बाजू ठरवायला कापूस फारसा कामाचा नाही.

मॉरिशसमध्ये 1817 साली जन्मलेल्या शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांचा मज्जारज्जू अर्धा कापून हा नमुना उलगडला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. पुस्तकातल्यासारखा चोख अर्धा छेद प्रत्यक्षात विरळाच. चाकू मधली रेषा बघून थोडाच थांबतो!

आता चाकू बाजूला ठेवू. मज्जारज्जूच्या पुढच्या खाचेतून एकच धमनी खाली उतरते आणि पुढच्या सुमारे दोन तृतीयांश भागाला रक्त देते. मागचा एक तृतीयांश भाग दोन वेगळ्या धमन्यांवर पोसला जातो. वेदनेचा आणि हालचालीचा मार्ग पुढच्या धमनीच्या वाट्याला येतो, अंगठ्याच्या जाणिवेचा मागच्यांच्या. म्हणून पुढची धमनी बंद पडली की दोन्ही पाय लुळे पडतात, दोन्हीकडची टाचणी कळत नाही, तरीही अंगठ्याची दिशा रुग्ण अचूक सांगतो. कमरेकडच्या भागात या धमनीला बाहेरून एक मोठी शाखा येऊन मिळते, बहुधा डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या खंडांच्या दरम्यान. अल्बर्ट अॅडमकिविच यांनी 1882 साली तिचं वर्णन केलं. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत तिचा पुरवठा तुटला, तर रुग्ण भुलीतून उठतो तो पाय न हलणारा.

खरी गंमत याहून बारीक फांद्यांत आहे. पुढच्या धमनीतून खाचेत शिरणारी प्रत्येक छोटी फांदी सहसा एकाच बाजूला वळते, काही डावीकडे, काही उजवीकडे. डावीकडची अशी एखादी फांदी बंद पडली तर चाकूशिवायच डावा पाय लुळा पडतो आणि उजव्याची वेदना जाते. फरक एवढाच, की डावा अंगठा वर गेला की खाली हे रुग्णाला नीट सांगता येतं, कारण मागचा भाग शाबूत असतो. मानेतल्या धमनीचं अस्तर फाटल्यावर असे रुग्ण पाहण्यात आले आहेत.

अर्थात, तिरपा चाकूही मागचा भाग वाचवू शकतो. पण तिथे जखम दिसत असते. इथे जखम नसते. मानेत किंवा पाठीत अचानक कळ येते आणि मिनिटा-तासांत पाय जड होत जातो. अशा वेळी पहिल्या काही तासांतला एमआरआय स्वच्छ दिसू शकतो. त्यामुळे चित्र स्वच्छ असलं तरी अंगठा आणि टाचणी यांची साक्ष बाजूला सारायची नाही. दुसऱ्या दिवशी एमआरआय पुन्हा केला, की मज्जारज्जूच्या त्याच अर्ध्यात पुढच्या बाजूला पांढरा ठिपका उमटलेला सापडू शकतो.