सीसीडी ते फॅब्रिक: सांध्यांच्या मर्यादांची गोष्ट

रोबोटच्या हाताचं टोक ठरलेल्या बिंदूवर न्यायचं, तर प्रत्येक सांधा किती वळवायचा? इन्व्हर्स किनेमॅटिक्सचा प्रश्न एवढाच. आधीच्या पद्धती जेकोबियन मॅट्रिक्सवर, म्हणजे सांधे जरासे वळवले तर टोक किती सरकतं हे सांगणाऱ्या कोष्टकावर चालत. हात सरळ ताणला गेला की ते गणित डळमळतं.

1991 मध्ये वांग आणि चेन यांनी यांत्रिक हातांसाठी सीसीडी, म्हणजे सायक्लिक कोऑर्डिनेट डिसेंट, ही पद्धत मांडली. एका वेळी एकच सांधा घ्यायचा आणि टोक लक्ष्याच्या दिशेला येईल इतका वळवायचा. टोकाजवळच्या सांध्यापासून मुळापर्यंत यायचं, मग पुन्हा तेच. इथे हाताशी थेट कोनच असतो, त्यामुळे मर्यादा पाळणं सोपं: कोन हद्दीबाहेर गेला की हद्दीवर आणून ठेवायचा.

2011 मध्ये केंब्रिजच्या अरिस्तिदू आणि लेसनबी यांनी फॅब्रिक, म्हणजे फॉरवर्ड अँड बॅकवर्ड रीचिंग इन्व्हर्स किनेमॅटिक्स, ही पद्धत आणली. तिच्यात कोन नाहीतच, फक्त बिंदू. टोक उचलून लक्ष्यावर ठेवायचं आणि मागचा प्रत्येक सांधा हाडाच्या लांबीइतक्या अंतरावर ओढून घ्यायचा. मूळ जागचं हललेलं असतं. ते परत जागी ठेवून उलट दिशेने तेच करायचं.

एक उदाहरण करून पाहू. प्रत्येकी 1 लांबीची दोन हाडं, मूळ (0,0), कोपर (1,0), टोक (2,0), लक्ष्य (0,1). एका फेरीनंतर सीसीडीचं टोक लक्ष्यापासून 0.235 दूर राहतं, फॅब्रिकचं 0.111. आता कोपर 90 अंशांपेक्षा जास्त वाकू नये असं ठरवू. सीसीडीला कोपर 135 अंश वळवायचं असतं, ते 90 वर थांबतं, मग मूळ 45 अंश वळतं आणि टोक (0, 1.414) वर येतं. चूक 0.414, आणि या मर्यादेत याहून जवळ जाताच येत नाही. फॅब्रिकमध्ये परतीच्या टप्प्यात कोपराचा कोन 124 अंशांच्या आसपास निघतो. तो 90 वर आणला की टोक (0.541, 1.307) वर फेकलं जातं आणि चूक 0.622 होते. बिंदू आधी ठरतो, कोन मागाहून तपासला जातो, त्याचा हा परिणाम.

त्रिमितीत फॅब्रिकचे कर्ते मर्यादेचा शंकू आधीच्या हाडाच्या रेषेवर उभा करतात. त्याचा काटछेद लंबवर्तुळासारखा असतो, चारही चतुर्थांशांत वेगळ्या मापाचा. नवा बिंदू बाहेर पडला तर आकृतीच्या कडेवरच्या जवळच्या बिंदूवर सरकवायचा. हाडाचा स्वतःभोवतीचा पीळ वेगळा तपासावा लागतो.

मर्यादा आल्या की साखळी मधेच अडकूही शकते. लक्ष्य आवाक्यात आहे का हे फक्त हाडांच्या लांबीच्या बेरजेवरून ठरवलं, तर उदाहरणातलं लक्ष्य आवाक्यात दिसतं, पण चूक शून्याकडे जातच नाही. म्हणून फेऱ्यांना कमाल संख्या हवी, आणि दोन फेऱ्यांमधली चूक कमी होईनाशी झाली की थांबायची अटही हवी.