सरांच्या शताब्दीचं भाषण : आम्ही आधी तारखा का मागतो

नमस्कार. आमच्याकडे भाषण लिहून घ्यायला येणारी बहुतेक मंडळी शाळेची माजी विद्यार्थी असतात. सरांना किंवा बाईंना शंभर वर्षं होतायत, हॉल बुक झालाय, पाहुणे ठरलेत आणि आता कोणीतरी दहा मिनिटं नीट बोललं पाहिजे. फोनवर पहिलं वाक्य असतं की "सर फार शिस्तीचे होते, फार प्रेमळ होते, तुम्ही छान लिहा". आणि आम्ही म्हणतो लिहितो, पण आधी सरांचं सर्व्हिस बुक मिळतंय का बघा. लोकांना वाटतं भाषणाला सर्व्हिस बुक कशाला, म्हणून हे माहितीपत्रक.

शिस्तीचे आणि प्रेमळ हे कुठल्याही सरांबद्दल म्हणता येतं. तुमचे सर फक्त तुमचे कुठे दिसतात, तर कुठल्या साली कुठल्या शाळेत होते, तेव्हा त्यांचं वय काय होतं, तिथून का गेले यात. म्हणून आम्ही एक वही करतो आणि तिला तीन रकाने आखतो: तारीख, काय घडलं, आणि हे कशावरून. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्या वेळी लिहिलेला कागद असेल, म्हणजे जनरल रजिस्टर, सर्व्हिस बुक, बदलीचा आदेश, शाळेचं शेरेबुक, तर ती नोंद पक्की. कागद नाही पण एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी तेच सांगितलं तर जुळलेली. बाकी सगळं ऐकीव. ऐकीव गोष्ट आम्ही फेकत नाही, पण भाषणात ती "विद्यार्थी सांगतात" अशीच येते. एक मात्र लक्षात ठेवा, गौरव अंकातल्या पाच लेखांत एकच तारीख असेल तर ते पाच पुरावे नाहीत, बऱ्याचदा पहिल्याने लिहिलं आणि चौघांनी तिथूनच उचललं असतं, मग तो एकच पुरावा धरायचा.

सुरुवातच जन्मतारखेपासून होते आणि तिथेच पहिला घोळ असतो. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वडील मुलाला घेऊन यायचे, तारीख माहीत नसायची आणि हेडमास्तर 1 जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनच्या कागदावर. म्हणून 1 जून दिसलं की आम्ही घरी पत्रिका आहे का विचारतो. आता समजा पत्रिकेत शके 1848, पौष महिना आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1926, आणि कागदावरही 1 जून 1926 आहे, मग जुळलं असं वाटतं. पण 78 हे चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंतच चालतात, जानेवारी ते गुढीपाडवा 79 मिळवायचे, आणि त्या वर्षीचा पौष जानेवारीत आला होता. म्हणजे सरांचा जन्म जानेवारी 1927 चा, आणि शंभर वर्षं पूर्ण होतात जानेवारी 2027 मध्ये, जून 2026 मध्ये नाही. अशा वेळी कार्यक्रम कधी करायचा ते तुम्ही आणि घरच्यांनी ठरवा, आम्ही भाषणात दोन्ही सांगतो: नोंदीप्रमाणे अमुक, पत्रिकेप्रमाणे तमुक. घरचे पुढच्या रांगेत बसलेले असतात, त्यांना हे ऐकून बरं वाटतं. आणि जन्मशताब्दी वर्ष 99 पूर्ण झाली की सुरू होतं आणि शंभर पूर्ण झाल्यावर त्याची सांगता होते, बॅनर छापायच्या आधी एवढं तपासा.

दुसरा घोळ आजची नावं कालच्या गोष्टींना चिकटवण्याचा. "सर 1955 ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले" हे आमच्याकडे हमखास येतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या 1 मे 1962 ला, त्याआधी लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्ड होती. महाराष्ट्र राज्यसुद्धा 1 मे 1960 चं. मराठवाड्यातले सर असतील तर सप्टेंबर 1948 पर्यंत तिथे निजामाचं राज्य होतं आणि शाळेचे जुने कागद उर्दूत सापडतात, तेव्हा वाचणारा माणूस आधी शोधून ठेवा. तसंच "1970 ला दहावी बोर्डात पहिला आला" असं असेल तर थांबायचं, कारण तेव्हा बोर्डाची परीक्षा अकरावीला होती, दहावीचं बोर्ड 1975 पासून. एक तर साल चुकलंय नाहीतर इयत्ता.

आणि आठवणींचं काय? साल कोणालाच आठवत नाही, पण पानशेत फुटलं ते वर्ष आठवतं, बहात्तरचा दुष्काळ आठवतो. म्हणून आम्ही कधीच "कुठल्या साली" विचारत नाही, तेव्हा गावात काय चाललं होतं असं विचारतो. एकदा एका काकांनी सांगितलं की कोयनेचा भूकंप झाला त्या सकाळी सरांनी आम्हा चौथीच्या मुलांना वर्गात न घेता बाहेर पटांगणात बसवून गणित घेतलं. सुंदर आठवण, आणि तारीखही आपोआप मिळाली, 11 डिसेंबर 1967. पण सर्व्हिस बुकात सरांची त्या गावातून बदली त्याच्या आदल्या वर्षीच झालेली. आता काका खोटं तर बोलत नव्हते. जनरल रजिस्टरमध्ये काकांचंच नाव काढलं तर भूकंपाच्या वेळी ते पाचवीत होते, म्हणजे पटांगणात बसवणारे गुरुजी दुसरे, आणि काकांचे चौथीचे लाडके सर त्या आठवणीत नंतर येऊन बसले होते. आम्ही त्यांना घरी जाऊन रजिस्टरचा फोटो दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले की हो, त्या गुरुजींचं नाव आत्ता आठवलं. ती आठवण भाषणातून काढली. वाईट वाटलं, पण ज्या गावात सर तेव्हा खरोखर शिकवत होते तिथले विद्यार्थी सभेत बसणार होते.

आता तारखांमधून भाषण कसं उभं राहतं ते सगळ्यांच्या ओळखीच्या शिक्षकांवर दाखवतो, साने गुरुजी. जन्म 24 डिसेंबर 1899, पालगड, तालुका दापोली. आई गेली 1917 च्या नोव्हेंबरमध्ये. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले जून 1924 ला. सत्याग्रहासाठी नोकरी सोडली एप्रिल 1930 ला. नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली 9 ते 13 फेब्रुवारी 1933. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण 1 ते 10 मे 1947. 'साधना' साप्ताहिक सुरू 15 ऑगस्ट 1948. निधन 11 जून 1950.

ही आठ ओळींची वही झाली. आता प्रत्येक ओळीपुढे आम्ही वय मांडतो आणि दोन ओळींमधलं अंतर मोजतो, आणि खरं भाषण इथे सापडतं. शाळेत लागले तेव्हा साडेचोवीस वर्षांचे, सोडली तेव्हा तिशीतले, म्हणजे शाळेतली नोकरी सहा वर्षांचीसुद्धा नाही. आयुष्य पन्नास वर्षांचं, त्यातली जेमतेम सहा शाळेत, आणि तरी महाराष्ट्र त्यांना गुरुजी म्हणतो. हा भाषणाचा कणा झाला. "त्यांनी आयुष्यभर ज्ञानदान केलं" हे वाक्य इथे बसतच नाही, ते चुकीचं तर आहेच पण खऱ्या गोष्टीपेक्षा फिकंही आहे.

अशीच आणखी दोन वाक्यं वहीमुळे गळतात. "लहानपणीच आईचं छत्र हरपलं" असं सर्रास बोललं जातं, पण 1917 च्या नोव्हेंबरात गुरुजी अठरा पूर्ण व्हायला आले होते. आणि "अमळनेरला शिकवता शिकवता पुस्तक लिहिलं" हेही नाही, शाळा सोडून पावणेतीन वर्षं झाली होती. तारखा खऱ्या आहेत का याची एक साधी चाचणी म्हणजे वार. पुस्तक गुरुवारी सुरू करून सोमवारी पहाटे संपवलं असं सांगितलं जातं, कॅलेंडर काढून बघा, 9 फेब्रुवारी 1933 ला गुरुवारच येतो आणि 13 ला सोमवार. वार जुळला म्हणून तारीख सिद्ध होत नाही, पण वार चुकला तर कुठेतरी नक्की गडबड आहे. रुजू झाल्याची तारीख रविवारी आली तर आम्ही पुन्हा सर्व्हिस बुक मागतो ते यामुळेच.

मग परिच्छेद असा होतो, वाचून बघा: "जून महिना, साल एकोणीसशे चोवीस. साडेचोवीस वर्षांचा एक तरुण अमळनेरच्या शाळेत रुजू झाला. वसतिगृह सांभाळायला लागला, मुलांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायला लागला. विद्यार्थी सांगायचे की गुरुजी आमच्या खोल्यासुद्धा स्वतः झाडायचे. हे सगळं सहा वर्षंसुद्धा चाललं नाही. एप्रिल एकोणीसशे तीसला त्यांनी शाळा सोडली." यात दोन तारखा आहेत, एक वय आहे आणि एक आठवण आहे, आणि आठवण कोणाची ते वाक्यातच आलंय. विशेषण एकही नाही.

वहीत चाळीस नोंदी असल्या तरी दहा मिनिटांच्या भाषणात पाच-सहाच तारखा घ्यायच्या, कानाला त्याहून जास्त झेपत नाहीत. उरलेल्या स्मरणिकेत किंवा हॉलबाहेरच्या फलकावर लावा. दहा मिनिटांना साधारण अकराशे शब्द धरा, बोलणारे वयस्कर असतील तर नऊशे. भाषणाच्या कागदावर साल आम्ही अक्षरात लिहितो, आकडे बघून माणूस माइकसमोर अडखळतो, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ देत नाही.

काही गोष्टी आम्ही पक्क्या असल्या तरी घालत नाही. जुनी खातेनिहाय चौकशी, संस्थेतलं भांडण, घरातलं आजारपण, यासाठी घरच्यांचा स्पष्ट होकार लागतो. आणि मार्क, पगार, जात हे रजिस्टरमध्ये दिसलं तरी आमच्या वहीत उतरत नाही.

कार्यक्रमाच्या निदान सहा आठवडे आधी या, कारण लिहायला आठ दिवस पुरतात पण शाळेतून रजिस्टर बघायला मिळायला वेळ लागतो. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या, त्यात कुणाचं नाव, अंदाजे कुठली वर्षं आणि कशासाठी हे लिहा, आणि रजिस्टर बाहेर न नेता तिथेच बसून बघू असं आवर्जून लिहा, त्याने काम लवकर होतं. सर्व्हिस बुक घरी नसेल तर पेन्शनचा कागद आणा, त्यावर निवृत्तीची तारीख असते, तिथून मागे जाता येतं. जुने ग्रुप फोटो आणताना पाठीमागचं लिहिलेलं दिसेल असाही एक फोटो काढा. आणि सरांच्या सगळ्यात जुन्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याचा आणि शेवटच्या तुकडीतल्या एकाचा फोन नंबर द्या, फक्त आम्ही बोलायच्या आधी त्या दोघांनी एकमेकांशी या विषयावर बोलू नये एवढं बघा.