कामठीचा दगड, लमेटा आणि मधली अठरा कोटी वर्षं

पश्चिम नागपुरात बोअर मारताना वर येणारा चुरा नीट पाहिला तर अनेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. आधी मुरूम, मग काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. काही ठिकाणी पुरेसं खोल गेलं की चुऱ्याचा रंग एकदम बदलतो. हिरवट-पांढरी चिकणमाती येते आणि तिच्यात चुनखडीचे गाठाळ तुकडे असतात. हे लमेटा थर. त्यांच्या खाली कुठे कामठीचा पिवळसर-लालसर वाळूचा दगड लागतो, तर कुठे थेट नाईस हा खोलवर भाजलेला जुना खडक. लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, लमेटा त्याच्या थोडाच आधीचा, आणि कामठीचा दगड ढोबळमानाने 25 कोटी वर्षांचा. म्हणजे बोअरच्या चुऱ्यात वीतभर अंतराने आलेल्या दोन रंगांमध्ये जवळपास अठरा कोटी वर्षं गायब आहेत.

अशा सांध्याला विसंगती म्हणतात. 1788 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उभ्या थरांवर आडवे थर पाहून ही कल्पना रुजली, ते बहुतेकांना ठाऊक असतं. नागपूर परिसराचा पहिला सविस्तर भूवैज्ञानिक वृत्तांत 1855 मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात आला. इथे राहणाऱ्या दोन मिशनऱ्यांनी तो लिहिला होता. सीताबर्डी, टाकळी, कामठी, सिलेवाडा ही गावं त्यामुळे भूविज्ञानात शिरली. त्या काळी भांडण थरांच्या वयाचं होतं. मधल्या रिकाम्या काळाकडे कुणी फारसं बघत नव्हतं.

'कामठी' या नावाचा गुंता तिथूनच सुरू होतो आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. सिलेवाड्याच्या खाणींतल्या दगडावर ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळाले. ते पर्मियन काळाकडे बोट दाखवतात. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मात्र एका उभयचर प्राण्याची कवटी सापडली आणि ती त्यानंतरच्या ट्रायासिक काळाशी जास्त जुळते. दोन्ही ठिकाणचे दगड दिसायला सारखे, म्हणून दोन्ही कामठीत धरले गेले. पुढे वर्धा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत असाच लालसर वाळूचा दगड दिसला की त्यालाही हेच नाव चिकटलं. माझं स्पष्ट मत असं, की हे नाव वयाचं नसून दगडाच्या रूपाचं आहे. नद्यांनी कोरड्या, लोहयुक्त मैदानावर वाळू टाकली की दगड असा दिसतो, आणि अशी मैदानं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी होती. त्यामुळे कुणी 'कामठीवर विसंगती आहे' असं लिहिलं तर मी आधी विचारतो, कुठल्या गावची कामठी? त्या उत्तरावर गायब काळ काही कोटी वर्षांनी कमी-जास्त होतो.

त्याहून मोठा वाद दुसरा आहे. मधल्या अठरा कोटी वर्षांतला दगड इथे नाही, याचे दोन अर्थ निघतात. एक, थर साचले होते आणि जमीन वर उचलली गेल्यावर झिजून गेले. दोन, ते मुळात साचलेच नाहीत. जुन्या अहवालांत हा फरक न करता सरसकट 'उत्थान आणि झीज' असं लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही.

नागपूरच्या दोन्ही बाजूंना पाहा. उत्तरेला पचमढीचे कडे ट्रायासिक वाळूचे आहेत. दक्षिणेला सिरोंचाकडे ज्युरासिक काळातला चुनखडक आहे, त्यात मासे आहेत, आणि त्याच भागात डायनोसॉरची हाडं. म्हणजे इथल्या नोंदवहीतली पानं कोरी असताना दोन्हीकडच्या खोलगट भागांत नद्या गाळ टाकत होत्या. मग नागपूर हा मधला उंचवटा होता का, की इथेही तोच गाळ होता आणि नंतर गेला?

याचं उत्तर सांध्यावर मिळत नाही, कामठीच्या दगडाखालच्या कोळशात मिळतं. कोळसा किती पुरला गेला, किती तापला, याची खूण त्याच्यात कायम राहते आणि थंड झाल्यावरही पुसली जात नाही. कामठी पट्ट्यातला कोळसा कोक न होणारा, वीजकेंद्रात जाळायचा. असा कोळसा साधारण शंभर अंशांच्या फार वर गेलेला नसतो. पृष्ठभाग पंचवीस अंशांचा आणि दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांची वाढ धरली, तर तो कधीही अडीच-तीन किलोमीटरच्या खाली गेलेला नाही. त्यातून कोळशावरच्या, आजही जागेवर असलेल्या कामठीच्या दगडाची काही शे मीटर जाडी वजा करायची. लाव्हाचे थर कधीकाळी इथे आणखी जाड असतील तर तेही वजा करायचे. उरलेली जाडी ही झिजून गेलेल्या दगडाची कमाल मर्यादा. दीड किलोमीटर धरली तरी दर दहा लाख वर्षांना आठ मीटरच्या आसपास झीज पडते, तीही कमाल. थोडक्यात, इथे डोंगर उभे राहून झिजले नाहीत. जमीन बराच काळ नुसती पडून होती, असं मला वाटतं.

याच बोअरमधली खालची विसंगती अगदी उलट सांगते. नाईस आणि रामटेक-मनसरचे खडक सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी पंधरा-वीस किलोमीटर खोल भाजले गेले. तीस कोटी वर्षांपूर्वी कामठी ज्यात येते त्या गोंडवन थरांपैकी पहिले त्यांच्यावर बसले, तेव्हा ते पृष्ठभागावर होते. मधलं पंधरा किलोमीटरचं आवरण खरोखरच गेलं. ते दगड वर आले हे त्यांच्यातली खनिजंच सांगतात, इथे अंदाजाला जागा कमी.

सांधा ओळखताना फसायला होतं ते दोन ठिकाणी. कामठीच्या पट्ट्याच्या कडा बऱ्याच जागी भ्रंशांनी, म्हणजे खडक सरकलेल्या भेगांनी, तुटलेल्या आहेत. तिथे जुना आणि नवा दगड शेजारी आले तरी ती विसंगती नव्हे. मध्ये चुरडलेला, घासून गुळगुळीत झालेला पट्टा दिसतो, आणि वरच्या थरात खालच्या दगडाचे गोटे नसतात. दुसरी फसगत रंगाची. लाव्हाखालचा लाल पट्टा लगेच 'भाजलेला' ठरवतात. भाजणी सांध्यालगत थोडक्यात संपते. तो लाल-पांढरा डागाळ रंग मीटर-दोन मीटर खाली हळूहळू विरत गेला असेल, तर ती लाव्हा येण्याआधी उघड्यावर हवा-पाणी खाल्लेली जमीन आहे. लमेटातल्या चुनखडीच्या गाठींचंही तसंच. त्या कोरड्या हवामानात मातीच्या आत वाढतात आणि वाढायला हजारो वर्षं घेतात. नखाने टोकरली की वाळूचे कण चुन्यात अडकलेले दिसतात. म्हणून लमेटा हा थरही आहे आणि थांबलेला काळही.

कामठीच्या पुढे कन्हानच्या काठाला गेलं की लाव्हा संपलेला असतो. नदीचा ताजा गाळ सरळ कामठीच्या दगडावर बसलाय, मध्ये लमेटा नाही, बेसाल्ट नाही. सांधा एकच दिसतो आणि गायब काळ पंचवीस कोटींचा. त्यात लाव्हाआधीची ती लांब विश्रांती आहे आणि लाव्हानंतरची झीजही आहे. पश्चिमेचा बोअर हाताशी नसेल तर या दोन वेगवेगळ्या घटना होत्या, हे त्या काठावर उभं राहून कुणालाही कळणार नाही.